आकाशाचा नऊचा पाढा

बिनाका गीतमाला ध्वनिमुद्रित व्हायची मुंबईत. टेप विमानाने कोलंबोला जायची, आणि बुधवारी संध्याकाळी अमीन सयानींचा आवाज रेडिओ सिलोनवरून निघून पुन्हा मुंबईतल्या चाळीत येऊन थडकायचा. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम जाताना विमानाने जाई आणि येताना आकाशात सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर वळण घेऊन फुकट परत येई. त्या काळात माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार केली होती, त्यामुळे अर्धा देश या वळणावर कान लावून बसलेला असे.

मुंबईच्या एफएम केंद्राचं गाणं मात्र असं वळत नाही. ते सरळ वर जातं आणि अवकाशात निघून जातं. आकाश तेच, रेडिओलहरी त्याच जातीच्या, मग एकीला परत पाठवणारं आणि दुसरीला सोडून देणारं असं वर काय आहे? याचं उत्तर एका छोट्या सूत्रात आहे, आणि त्यातला लक्षात ठेवायचा आकडा एकच: नऊ.

वर्गमूळ काढा, नवाने गुणा

जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरवर आयनांबर सुरू होतं. तिथे सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणं हवेच्या कणांमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मोकळे इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेले धनभारित आयन यांच्या या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. प्लाझ्मा ऐकला की ज्वाळा आणि झगमगाट डोळ्यांपुढे येतो, पण हा प्लाझ्मा अगदी विरळ आहे. ३०० किलोमीटरवर भर दुपारी एका घनसेंटीमीटरमध्ये सुमारे १० लाख मोकळे इलेक्ट्रॉन असतात. त्याच जागेत विद्युतभार नसलेले कण त्यांच्या साधारण हजारपट असतात. म्हणजे आपलं रेडिओचं आकाश सांभाळणारे इलेक्ट्रॉन तिथेही अल्पसंख्याकच आहेत.

आता सूत्र. एका घनसेंटीमीटरमध्ये किती मोकळे इलेक्ट्रॉन आहेत ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ९ ने गुणा. येणारं उत्तर किलोहर्ट्झमध्ये असतं आणि त्याला त्या जागेची प्लाझ्मा वारंवारिता म्हणतात.

१० लाखांचं वर्गमूळ १०००. त्याला ९ ने गुणलं की ९००० किलोहर्ट्झ, म्हणजे ९ मेगाहर्ट्झ. सरळ डोक्यावर सोडलेली ९ मेगाहर्ट्झच्या खालची लहर परत येते, वरची निसटते. रात्री इलेक्ट्रॉन दहापट कमी होऊन एक लाखावर आले, तर वर्गमूळ ३१६ आणि उत्तर साधारण २.८ मेगाहर्ट्झ. वर्गमूळ असल्यामुळे इलेक्ट्रॉन दहापट घटले तरी मर्यादा फक्त तिपटीने खाली येते. रात्रीचा रेडिओ पूर्ण बंद पडत नाही त्यामागे हे वर्गमूळही आहे.

इलेक्ट्रॉन हलतो तरी किती?

या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा, म्हणून इथे जरा थांबते.

रेडिओलहर म्हणजे विद्युतक्षेत्राचं हेलकावणं. ते क्षेत्र इलेक्ट्रॉनला एकदा इकडे ढकलतं, एकदा तिकडे. ऑक्सिजनचा आयन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २९ हजार पट जड, तो जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. नाचतो तो इलेक्ट्रॉनच. आणि तो किती नाचणार हे ठरतं त्याला मिळणाऱ्या वेळावरून. लहरीची वारंवारिता कमी, तर एका दिशेचा धक्का जास्त वेळ टिकतो. तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन वेगही जास्त घेतो आणि त्या वेगाने पळतोही जास्त वेळ. दोन्हींचा परिणाम एकत्र होतो, म्हणून वारंवारिता अर्धी केली की त्याचं हेलकावणं दुप्पट नाही, चौपट होतं.

प्रत्यक्ष आकडा घेऊ. लहरीची ताकद तिथे मीटरला १ मिलिव्होल्ट आहे असं धरा. दूरवरच्या मोठ्या प्रक्षेपकाकडून एवढी सहज पोचते. ५ मेगाहर्ट्झच्या लहरीत इलेक्ट्रॉन मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना फक्त ०.१८ मायक्रॉन सरकतो. आपल्या केसाची जाडी याच्या काहीशे पट असते! आणि १०० मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीत? वारंवारिता वीसपट, म्हणजे हालचाल चारशेपट कमी. अर्ध्या नॅनोमीटरलाही पोचत नाही, जेमतेम दोन-चार अणूंच्या रुंदीइतकी.

एवढ्याशा थरथरीने रेडिओ कार्यक्रम कसा वळतो? लहर पुढे सरकते ती एका देवाणघेवाणीवर. बदलतं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं, बदलतं चुंबकीय क्षेत्र पुन्हा विद्युतक्षेत्र, आणि असं करत लहर वाट काढते. बदलतं विद्युतक्षेत्र इथे विद्युतप्रवाहाचं काम करतं, हे मॅक्सवेलने ओळखलं होतं. आता त्याच जागी इलेक्ट्रॉन हलू लागले की तोही एक विद्युतप्रवाह झाला. पण इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, त्यामुळे तो क्षेत्राच्या मागे राहतो, आणि त्याचा प्रवाह नेमका उलट्या दिशेचा निघतो. लहरीचा स्वतःचा हिशेब एका बाजूला, इलेक्ट्रॉनांचा विरोध दुसऱ्या बाजूला.

जास्त वारंवारितेला इलेक्ट्रॉन फार हलत नाहीत, विरोध किरकोळ, लहर पार. वारंवारिता कमी करत जा, विरोध वाढत जातो. एका ठरावीक वारंवारितेला दोन्ही प्रवाह तंतोतंत समान होतात आणि बेरीज शून्य येते. हीच प्लाझ्मा वारंवारिता. तिच्या खाली इलेक्ट्रॉनांचं पारडं जड होतं आणि लहरीची देवाणघेवाणच बंद पडते. लहर पुढे जाऊ शकत नाही. पण ऊर्जा नाहीशीही होत नाही, कारण हलणारे इलेक्ट्रॉन स्वतः छोटे प्रक्षेपक असतात. त्यांच्या आणि मूळ लहरीच्या बेरजेत पुढच्या दिशेला सगळं कटून जातं आणि मागच्या दिशेला एक लहर उरते. तुमच्या रेडिओत येते ती ही.

इलेक्ट्रॉनांची संख्या सूत्रात का, हेही आता उघड आहे. एकेकटा इलेक्ट्रॉन कितीही नाचला तरी विरोध क्षुल्लक. घनसेंटीमीटरला लाखांनी असले तरच बेरीज शून्यावर येते.

१९२४ मध्ये मध्यरात्री सापडलेला थर

१९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने इंग्लंडच्या पोल्धूहून पाठवलेला संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला ऐकल्याचं जाहीर केलं. पृथ्वी गोल असताना हे जमलं कसं, यावर १९०२ साली केनेली आणि हेविसाइड या दोघांनी स्वतंत्रपणे सुचवलं की वर विद्युतवाहक थर असावा. पुरावा मिळायला २२ वर्षं लागली. डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड अॅपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बीबीसीचा बोर्नमथचा प्रक्षेपक रात्री कार्यक्रम संपल्यावर वापरायला घेतला. त्याची वारंवारिता हळूहळू बदलत नेली आणि ऑक्सफर्डला संकेत ऐकला. तो ठरावीक अंतराने मोठा-लहान होत होता. जमिनीवरून आलेली लहर आणि वरून वळून आलेली लहर एकमेकींत मिसळत होत्या, कधी साथ देत, कधी कापत. अशा किती चढउतारांना वारंवारिता किती बदलावी लागली, यावरून दोन वाटांमधला फरक काढता आला आणि त्यावरून थराची उंची: सुमारे ९० ते १०० किलोमीटर. याच प्रकारच्या कामासाठी अॅपलटनला १९४७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रांचा वरच्या वातावरणावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो जगभर वापरला गेला.

आज हेच काम आयनोसोंड नावाचं यंत्र करतं. ते १ मेगाहर्ट्झपासून साधारण २० मेगाहर्ट्झपर्यंत वारंवारिता चढवत सरळ वर ठोके सोडतं आणि प्रत्येक ठोका किती वेळाने परतला ते मोजतं. कागदावर उमटणारी रेघ आधी आडवी असते. मग एका जागी ती झपकन वर वळते आणि संपते. तिथे मर्यादा आली, त्याच्या पुढचे ठोके निसटले. ही रेघ वर का वळते? मर्यादेजवळ ठोका थरात फार सावकाश सरकतो, उशिरा परततो, आणि उशीर म्हणजे उंची असं धरणाऱ्या यंत्राला तो फार वर जाऊन आल्यासारखा वाटतो. म्हणून या उंचीला आभासी उंची म्हणतात.

बऱ्याचदा तिथे एकाऐवजी दोन रेघा दिसतात, एकमेकींपासून साधारण अर्ध्या मेगाहर्ट्झवर. यंत्र बिघडलेलं नसतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलत्या इलेक्ट्रॉनला बाजूला वळवतं आणि एका लहरीच्या दोन लहरी होतात. नऊचं साधं सूत्र त्यातल्या एकीला तंतोतंत लागू पडतं, दुसरीची मर्यादा थोडी वर असते.

कोलंबो ते मुंबई, आकडेमोडीसकट

इथे एक शंका यायलाच हवी. रेडिओ सिलोन २५ मीटर पट्ट्यातही ऐकू यायचं, म्हणजे साधारण ११.८ मेगाहर्ट्झ. दुपारची मर्यादा ९ असेल, तर ११.८ निसटायला हवं. मग मुंबईत पोचलं कसं?

कारण ९ ही मर्यादा सरळ डोक्यावर जाणाऱ्या लहरीची. तिरक्या लहरीचं गणित वेगळं. तिला पूर्ण उलटं फिरायचं नसतं, नुसतं वळून खाली यायचं असतं. तापलेल्या डांबरी रस्त्यावरचं मृगजळ आठवा. पायाखालच्या रस्त्यात आकाश कधीच दिसत नाही, दूरवर जिथे नजर अगदी तिरकी पडते तिथेच दिसतं. हवेचे थर प्रकाशाला हळूहळू वळवतात आणि तिरक्या किरणाला थोडं वळण पुरतं. आयनांबरातही लहर भिंतीवर आपटत नाही. जसजसे इलेक्ट्रॉन वाढतात तसतशी ती वाकत जाते आणि शेवटी खाली येते.

कोलंबो ते मुंबई अंतर सुमारे १५५० किलोमीटर. लहर मध्यावर ३०० किलोमीटर उंचीला वळते असं धरा. पृथ्वीची गोलाई जमेस धरली तर ती थरावर उभ्या रेषेपासून सुमारे ६६ अंश तिरकी पोचते. या कोनाला मर्यादा जवळजवळ २.४ पट वाढते. म्हणजे ११.८ मेगाहर्ट्झ परत पाठवायला वरची प्लाझ्मा वारंवारिता फक्त ४.८ मेगाहर्ट्झ असली तरी पुरे. नऊचा हिशेब उलटा करा: ४८०० भागिले ९ म्हणजे ५३३, त्याचा वर्ग सुमारे २ लाख ८० हजार. मध्यावरच्या आकाशात घनसेंटीमीटरला एवढे इलेक्ट्रॉन असले की गीतमाला मुंबईत हजर.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. समजा संध्याकाळी मर्यादा ६ मेगाहर्ट्झवर आली आहे. ११.८ ची लहर वळण्यासाठी ती सुमारे ६० अंश तरी तिरकी असायला हवी. एवढी तिरकी लहर खाली उतरते ती कोलंबोपासून सुमारे ११०० किलोमीटरवर. त्याच्या आत काहीच उतरत नाही. जमिनीलगत सरपटत जाणारी लहर तर त्याआधीच विरलेली असते. मधला हा मुका पट्टा म्हणजे स्किप झोन. चेन्नई कोलंबोपासून जेमतेम ६८० किलोमीटर, म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात. दुप्पट अंतरावरच्या मुंबईत स्वच्छ, जवळच्या चेन्नईत नुसती खरखर! अशा वेळी चेन्नईकरांसाठी उपाय एकच, ४१ मीटरसारख्या लांब लहरीच्या पट्ट्यावर जायचं. तिथे वारंवारिता ७.२ मेगाहर्ट्झच्या आसपास असते आणि ती कमी तिरकी असली तरी वळते. एकच कार्यक्रम दोन-तीन पट्ट्यांवर का प्रक्षेपित व्हायचा, त्याचं एक कारण हे.

तिरकेपणाचा हा फायदा अमर्याद नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाला चाटून सोडलेली लहरही थरावर एका ठरावीक कोनापेक्षा तिरकी पोचत नाही. मर्यादा फार तर तिपटीने, सव्वातीनपटीने वाढते. ९ च्या सव्वातीनपट म्हणजे २९. शॉर्टवेव्हचा पट्टा ३० मेगाहर्ट्झला संपतो असं पुस्तकं सांगतात, त्याच्याशी हे छान जुळतं. १०० मेगाहर्ट्झच्या एफएमला सगळ्यात तिरक्या वाटेनेही परत आणायचं तर दुपारच्या अकरा-बारापट इलेक्ट्रॉन लागतील. वरचा मुख्य थर तेवढे कधीच पुरवत नाही. कधीकधी १०० किलोमीटरवर दाट इलेक्ट्रॉनांचे पातळ ढग तयार होतात, तेव्हा दूरचं एफएम थोडा वेळ ऐकू येतं. समुद्रकाठी उन्हाळ्यात येणारं दूरचं एफएम हे मात्र बहुधा आयनांबराचं काम नसतं. ती खालच्या हवेतल्या उष्ण-थंड थरांची करामत असते.

दुपारचा लहरीचोर

सूत्र म्हणतं कमी वारंवारिता परत येते. मग मुंबई आकाशवाणीच्या १०४४ किलोहर्ट्झसारखी मीडियम वेव्ह दुपारी दूरवर का पोचत नाही, आणि रात्री मात्र शेकडो किलोमीटरवर का जाते? दुपारी तर इलेक्ट्रॉन जास्त!

कारण वरच्या थराच्या वाटेवर, ६० ते ९० किलोमीटरवर डी नावाचा थर लागतो. तिथे इलेक्ट्रॉन कमी आणि हवा खूप दाट. ८० किलोमीटरवर एक इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १० लाख वेळा हवेच्या कणांवर आपटतो. मीडियम वेव्हची वारंवारिताही तेवढीच, सेकंदाला १० लाखांच्या घरात. म्हणजे इलेक्ट्रॉन लहरीकडून ऊर्जा घेतो आणि एक हेलकावा पुरा करून परत देण्याआधीच कुणावर तरी आदळून ती हवेला देऊन टाकतो. लहरीची किंचित उष्णता झाली, संकेत संपला. शॉर्टवेव्हमध्ये इलेक्ट्रॉन तेवढ्याच वेळात कितीतरी वेळा हेलकावे घेऊन ऊर्जा परत करतो, आणि हलतोही कमी, म्हणून ती लहर थोडी अशक्त होऊन का होईना, पार होते.

सूर्य मावळला की डी थर पाहता पाहता विरतो, कारण दाट हवेत इलेक्ट्रॉनांना जोडीदार चटकन सापडतात. वरचा थर रात्रभर टिकतो. तिथे मोकळा इलेक्ट्रॉन एकट्या ऑक्सिजन अणूच्या आयनाला सहजी चिकटत नाही. आधी त्या आयनाला एखाद्या रेणूशी अदलाबदल करावी लागते, मग तो नवा रेणूआयन इलेक्ट्रॉन पकडतो. एवढ्या उंचीवर रेणू विरळ, त्यामुळे हे काम रात्रभर रेंगाळतं. मीडियम वेव्हला रात्री मोकळी वाट मिळते ती खालचा थर गेल्यामुळे आणि वरचा उरल्यामुळे.

सूर्यावर मोठा भडका उडाला की याचं उलट होतं. क्ष-किरणं आठ मिनिटांत पोचतात, डी थर एकाएकी दाट होतो आणि पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूची शॉर्टवेव्ह मिनिटांत गप्प होते. ओळखायची खूण अशी: खालच्या वारंवारिता आधी आणि जास्त वेळ जातात, वरच्या उशिरा जातात आणि आधी परततात. रेडिओ बिघडला असता तर असा क्रम दिसला नसता.

पार गेलेल्यांनाही जकात

जास्त वारंवारिता निसटते, पण फुकट नाही. जीपीएसचा मुख्य संकेत १५७५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे मर्यादेच्या पावणेदोनशे पट. तरीही ९ मेगाहर्ट्झच्या, ३०० किलोमीटर जाड थरातून येताना त्याला एवढा उशीर होतो की अंतर सुमारे ५ मीटर जास्त मोजलं जातं. तुम्ही उभे असता एका फुटपाथवर, नकाशा दाखवतो समोरचा. हा उशीर वारंवारितेच्या वर्गाने कमी होतो, म्हणून दोन वेगळ्या वारंवारितांवर ऐकणारा रिसीव्हर दोन्ही उशिरांच्या फरकावरून वर किती इलेक्ट्रॉन आहेत ते काढतो आणि चूक वजा करतो. भारताच्या नाविक उपग्रहांनी म्हणूनच ११७६ आणि २४९२ मेगाहर्ट्झ असे एकमेकांपासून लांबचे दोन पट्टे घेतले.

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत. त्या साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये आकाश ऐकतात. १५० ला आयनांबराचा त्रास जीपीएसपेक्षा शंभरपटीहून जास्त. इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखे असते तर फारसं बिघडलं नसतं, पण ते कुठे दाट कुठे विरळ असतात, आणि हे चट्टे सरकत राहतात. एका तबकडीच्या डोक्यावर थोडे जास्त, वीस किलोमीटरवरच्या दुसरीच्या डोक्यावर थोडे कमी, आणि दूरची आकाशगंगा चित्रात जागा सोडून डुलायला लागते. ही दुर्बीण चुंबकीय विषुववृत्त आणि त्याच्या उत्तरेचा इलेक्ट्रॉनांचा दाट पट्टा यांच्यामध्ये बसली आहे, म्हणजे आयनांबर जिथे सगळ्यात अस्वस्थ त्या प्रदेशात. सूर्यास्तानंतर तर थर झपाट्याने वर उचलला जातो आणि त्यात पोकळ बुडबुडे उठतात. अशा आकाशाखाली राहून इतकी नेटकी चित्रं काढणाऱ्या खोडदच्या मंडळींबद्दल मला मनापासून आदर आहे.

दोन आकाशं, दोन बाजूंनी अडवणारी

वरून येणाऱ्यांनाही हीच मर्यादा लागू. आकाशगंगेतून २ मेगाहर्ट्झच्या लहरी येतात, पण आपल्या डोक्यावरच्या थरावरून त्या अवकाशातच परत जातात. ग्रोट रेबर हा एकांडा शिलेदार, ज्याने १९३७ मध्ये अमेरिकेत घराच्या अंगणात रेडिओ दुर्बीण बांधली, त्याला हेच आकाश बघायचं होतं. हिशेब सोपा: २ मेगाहर्ट्झ आत यायची तर घनसेंटीमीटरला ५० हजारांपेक्षा कमी इलेक्ट्रॉन हवेत. म्हणून तो टास्मानियात गेला. तिथे सूर्य शांत असलेल्या वर्षांत, हिवाळ्यातल्या लांब रात्रींच्या शेवटी आयनांबर तेवढं विरळ होतं. १९६० च्या दशकात बॉथवेल गावाजवळ मेंढ्यांच्या कुरणात तारांचं जाळं उभारून त्याने १४४ मीटर लांबीच्या लहरींनी आकाश पाहिलं.

अवकाशयान परत येताना याच नियमात सापडतं. भोवतालची हवा तापून यानाभोवती स्वतःचा प्लाझ्मा तयार होतो. २ गिगाहर्ट्झचा संपर्क तोडायला घनसेंटीमीटरला सुमारे ५ हजार कोटी इलेक्ट्रॉन पुरतात, आणि यानाभोवती त्याहून जास्त होतात. काही मिनिटं आतल्या माणसांचा आवाज बंद. स्पेस शटलच्या पाठीमागच्या बाजूचा प्लाझ्मा त्या मानाने विरळ असायचा, म्हणून पुढच्या काळात ते वरच्या उपग्रहाकडे तोंड करून बोलायला लागलं.

धातूलाही तेच सूत्र

सोडियम धातूत मोकळे इलेक्ट्रॉन किती? घनसेंटीमीटरला २५ च्या पुढे २१ शून्यं. वर्गमूळ काढा, ९ किलोहर्ट्झने गुणा. उत्तर रेडिओच्या फार पलीकडे जातं, थेट अतिनील प्रकाशात, सुमारे २१० नॅनोमीटर लांबीच्या लहरीवर. याचा अर्थ दिसणारा प्रकाश सोडियमसाठी कमी वारंवारितेचा, म्हणून तो परत येतो आणि धातू चकाकतो. आणि पुरेसा अतिनील प्रकाश? तो पार जायला हवा. रॉबर्ट वुडने १९३३ मध्ये दाखवलं की या जातीच्या धातूंचे पातळ थर अतिनीलला खरोखरच पारदर्शक असतात. गीतमाला परत पाठवणारं आकाश आणि चकाकणारा धातू हे एकाच सूत्राचे दोन मासले आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

आणि दुसऱ्या टोकाला व्हॉयेजर

२०१२ च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर-१ सूर्याचा प्रभाव ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं. पण ते शिरलं हे कळणार कसं? बाहेर इलेक्ट्रॉन आतल्यापेक्षा बरेच दाट असणार हा अंदाज होता, मात्र ते मोजणारं यानावरचं उपकरण १९८० सालीच बंद पडलं होतं. चालू होता तो विद्युतक्षेत्राची थरथर ऐकणारा अँटेना.

मग सूर्यानेच मदत केली. त्याच्यावरून निघालेला एक झंझावात वर्षभराहून जास्त प्रवास करून यानापर्यंत पोचला आणि आजूबाजूचे इलेक्ट्रॉन त्याने हलवले. हललेले इलेक्ट्रॉन आपल्या नैसर्गिक लयीत, म्हणजे प्लाझ्मा वारंवारितेलाच, थरथरू लागतात. एप्रिल-मे २०१३ मध्ये अँटेनाने ही थरथर पकडली: २.६ किलोहर्ट्झ, माणसाच्या कानाला सहज ऐकू येईल असा सूर. डॉन गर्नेट आणि सहकाऱ्यांनी २.६ ला ९ ने भागून वर्ग केला आणि उत्तर आलं, घनसेंटीमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन. साधारण १२ घनसेंटीमीटरमध्ये एक! सूर्याच्या प्रभावाच्या आतल्या कडेला असतात त्याच्या कितीतरी पट. मग जुन्या नोंदी उलगडल्या, तेव्हा २०१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला आणखी एक सूर सापडला, २.२ किलोहर्ट्झचा, म्हणजे ०.०६ इलेक्ट्रॉन. दोन सुरांमधून दिसलं की यान पुढे जातंय तसे इलेक्ट्रॉन दाट होत आहेत. ती वाढ मागे मोजत नेली, आणि सीमा ओलांडल्याची तारीख निघाली ऑगस्ट २०१२ च्या आसपासची.